ब्रँडेड चार्जर असली की नकली? पैसे देण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

आयफोनच्या डब्यातून चार्जर २०२० च्या ऑक्टोबरात गायब झाला आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतून २०२१ च्या जानेवारीत. तेव्हापासून असा फोन घेतला की चार्जर वेगळा घ्यावा लागतो. मुंबईत तो लॅमिंग्टन रोडवर मिळतो, दादर स्टेशनबाहेरच्या ठेल्यावर मिळतो आणि लोकलच्या डब्यात फिरणाऱ्या विक्रेत्याच्या पिशवीतही मिळतो. नाव सगळीकडे तेच असतं, खोकंही तसंच. इथली उत्तरं मुख्यतः सॅमसंगच्या २५ वॅटच्या चार्जरवर बेतलेली आहेत. एकच नमुना नीट समजला की बाकीचे तपासायला वेळ लागत नाही.

चार्जर हातात आला की सगळ्यात आधी काय बघायचं?

खोकं, लोगो, होलोग्राम नंतर. आधी चार्जर उलटा करा आणि पिनांच्या बाजूला किंवा अंगावर जी बारीक अक्षरं असतात ती वाचा. अक्षरं फिकट राखाडी असतात, दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली दिसत नाहीत. मोबाइलने फोटो काढून मोठा करा. फोटो काढायला दुकानदाराने आडकाठी केली तर तिथेच थांबलेलं बरं.

सॅमसंगच्या २५ वॅटच्या EP-TA800 या मॉडेलवर साधारण असा मजकूर असतो (ओळींची मांडणी मागेपुढे होऊ शकते, आकडे नाही):

```
MODEL: EP-TA800
INPUT: 100-240V~ 50-60Hz 0.7A
OUTPUT: (PDO) 9.0V 2.77A or 5.0V 3.0A
(PPS) 3.3-5.9V 3.0A or 3.3-11.0V 2.25A
```

आता गुणाकार करा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ९ गुणिले २.७७ म्हणजे २४.९३, म्हणजे २५ वॅट. ११ गुणिले २.२५ म्हणजे २४.७५, पुन्हा २५ च्या घरात. समोर मोठ्या अक्षरांत जे वॅट लिहिलेत ते मागच्या बारीक ओळीतून निघालेच पाहिजेत. नकली माल बनवणारा समोरचा आकडा मन लावून छापतो. मागचं लेबल मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच, जुन्या चार्जरचं उचललेलं असतं. समोर २५ आणि मागे ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॅट, असा माल सर्रास दिसतो.

शेवटची ओळ, पीपीएसची, मुद्दाम शोधा. फोन चार्जरकडे थोड्याथोड्या फरकाने व्होल्टेज मागतो आणि चार्जर ते देतो, त्या पद्धतीचं हे नाव. सॅमसंगचं २५ वॅटचं जलद चार्जिंग याच पद्धतीवर चालतं. ती ओळच नसेल, तर त्या वस्तूवर २५ वॅट असं लिहिण्याला काही अर्थ नाही.

गुणाकार जुळला म्हणजे असली का?

नाही. आकडे कुणीही नीट छापू शकतो. गुणाकाराने फक्त ढोबळ नकली माल बाजूला पडतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे बीआयएसचा नोंदणी क्रमांक.

भारतात विकला जाणारा मोबाइलचा ॲडॅप्टर भारतीय मानक ब्युरोकडे नोंदलेला असावा लागतो. २०१२ च्या आदेशाने ही सक्ती आली. म्हणून लेबलवर ब्युरोचं चिन्ह असतं, त्याच्यासोबत मानकाचा क्रमांक, `IS 13252 (Part 1)` किंवा नव्या मालावर `IS/IEC 62368`, आणि `R-` ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक. हा `R-` क्रमांक तुमच्या कामाचा.

ब्युरोचं BIS Care हे ॲप मोफत आहे. घरूनच उतरवून घ्या, कारण दाटीवाटीच्या बाजारात आतल्या गाळ्यांत नेटवर्क मिळेलच असं नाही. ॲपमध्ये `Verify R-no. under CRS` हा पर्याय उघडून लेबलवरचा क्रमांक टाका. नोंदणी कुठल्या कारखान्याच्या नावावर आहे, तो कुठे आहे, कुठल्या ब्रँडसाठी आणि कुठल्या प्रकारच्या वस्तूसाठी आहे, आणि नोंदणी चालू आहे का, हे समोर येतं.

एक गोष्ट जाता जाता. दुकानदार चार्जरवरचा आयएसआय शिक्का दाखवून 'सरकारी मार्क आहे' म्हणाला तर उलट सावध व्हा. आयएसआयचा `CM/L` परवाना ही वेगळी व्यवस्था आहे. चार्जर `R-` क्रमांकाच्या व्यवस्थेत येतो.

`R-` क्रमांक खरा निघाला, तरी माल नकली असू शकतो?

हो, आणि इथेच बरेच जण फसतात. क्रमांक टाकला, हिरवी खूण दिसली, पैसे दिले. पण खऱ्या चार्जरवरचा क्रमांक बघून तो नकली चार्जरवर छापायला कितीसा वेळ लागतो? ॲप क्रमांक तपासतं, तुमच्या हातातली वस्तू नाही.

म्हणून 'क्रमांक सापडला का' एवढ्यावर न थांबता, ॲपमधली माहिती लेबलशी ताडून बघा. वस्तूचा प्रकार ॲडॅप्टरच असायला हवा. क्रमांक एखाद्या पॉवर बँकेचा किंवा एलईडी दिव्याचा निघतो असंही होतं. ब्रँड तोच हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेबलवर उत्पादक म्हणून ज्या कंपनीचं नाव आहे तीच कंपनी ॲपमध्ये दिसायला हवी.

या शेवटच्या मुद्द्यावर गोंधळ होतो. मोठे ब्रँड आपले चार्जर बहुतेक वेळा दुसऱ्या कारखान्यांकडून बनवून घेतात. नोंदणी ब्रँडला नसते, कारखान्याला असते. त्यामुळे ॲपमध्ये कधी न ऐकलेलं नाव दिसलं म्हणून माल नकली ठरत नाही. एकाच मॉडेलच्या दोन असली चार्जरवर दोन वेगळे `R-` क्रमांक असू शकतात, कारण ते दोन कारखान्यांतून आलेले असतात. खटकायला हवं ते वेगळं: लेबलवर एक उत्पादक, ॲपमध्ये दुसरा. नक्कल करणारा एका चार्जरवरून क्रमांक घेतो, दुसऱ्यावरून पत्ता, तिसऱ्यावरून मॉडेल. सुटे सुटे सगळे खरे असतात, एकमेकांशी मात्र जुळत नाहीत.

एखादा चार्जर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासून दाखवाल का?

समजा, स्टेशनजवळच्या दुकानात तुम्ही सॅमसंगचा २५ वॅटचा चार्जर मागितला. समोर पांढरं खोकं आलं, भाव ३५० रुपये. दुकानदार म्हणतो, "ओरिजिनल आहे, कंपनीचा माल, बिलाशिवाय म्हणून स्वस्त."

खोक्यावर `25W` आणि `EP-TA800` दोन्ही आहे. चार्जर बाहेर काढला. समोरच्या बाजूला लोगो ठीक, `Super Fast Charging` हेही ठीक. उलटा करून फोटो काढला, मोठा केला. आउटपुटच्या ओळीत लिहिलंय:

```
OUTPUT: 9.0V 1.67A or 5.0V 2.0A
```

९ गुणिले १.६७ म्हणजे १५.०३. हे सॅमसंगच्या जुन्या १५ वॅटच्या चार्जरचे आकडे आहेत. पीपीएसची ओळ कुठेच नाही. म्हणजे अंगावर नाव २५ वॅटचं आणि लेबल १५ वॅटचं. निकाल इथेच लागला, पण समजा दुकानदार म्हणाला, "प्रिंटिंग मिस्टेक आहे हो, चालतो २५ वर."

मग `R-` क्रमांक टाका. ॲपमध्ये नोंदणी सापडली, चालू आहे, वस्तू ॲडॅप्टर, ब्रँडही सॅमसंग. पण उत्पादकाच्या रकान्यात एका कारखान्याचं नाव आहे आणि लेबलवर दुसऱ्याच. क्रमांक खरा आहे, उसना घेतलेला आहे. आता खोकं बघितलं तर एमआरपी आहे, पण आयातदाराचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही.

एवढ्या तपासणीला तीन-चार मिनिटं लागली आणि चार्जर अजून बोर्डात लावलेलासुद्धा नाही.

खोक्यावर काय असायला हवं?

पॅक करून विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी २०११ चे वैध मापन नियम आहेत. त्यांनुसार खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, माल बाहेरून आलेला असेल तर मूळ देश, महिना आणि वर्ष, नगांची संख्या, सर्व करांसह एमआरपी आणि ग्राहकाने तक्रार कुठे करायची त्याचा फोन आणि ईमेल हवा. आयात केलेल्या मालावर ही माहिती बहुधा वेगळ्या चिकटपट्टीवर असते. म्हणून पट्टी दिसली की दचकू नका, पण ती वाचा.

पट्टीवरचं मॉडेल आणि आतल्या चार्जरवरचं मॉडेल शेवटच्या अक्षरापर्यंत पडताळा. मूळ देशही दोन्हीकडे एकच हवा. खोक्यावर व्हिएतनाम आणि चार्जरवर चीन असेल तर खोकं एकाचं आणि माल दुसऱ्याचा. रिकामी खोकी वेगळी विकत मिळतात, तेव्हा खोकं चकचकीत असल्याचं फार कौतुक नको.

हातात घेऊन, वजन बघून कळतं का?

थोडंफार. त्यावर एकट्यावर विसंबू नका.

असली चार्जरच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, डबीसारखे मोठे कपॅसिटर असतात, विजेतला खडखडाट गाळणारी कॉइल असते, काहींमध्ये उष्णता पसरवण्यासाठी चिकट भरणही असतं. नकली चार्जरमधले हे भाग लहान असतात किंवा नसतातच, म्हणून तो हातात हलका, पोकळ लागतो. घरात त्याच मॉडेलचा जुना असली चार्जर असेल तर तो खिशात टाकून न्या आणि दोन हातांत दोन धरून बघा. फरक लगेच जाणवतो. मात्र वजन भरून काढायला आत लोखंडाचा तुकडा चिकटवलेले चार्जरही सापडतात. कानाजवळ धरून हलवा. आत काही खुळखुळलं तर ठेवून द्या.

पिना बघा. दोन्ही सारख्या लांबीच्या, गुळगुळीत, कडेला न बोचणाऱ्या हव्यात. अंगठ्याने दाबल्यावर हलता कामा नयेत. ज्या मॉडेलच्या पिनांवर मुळाशी काळं किंवा पांढरं प्लास्टिकचं आवरण असतं, त्या मॉडेलच्या तुमच्या नगावर ते नसणं ही गंभीर बाब आहे. चार्जर अर्धवट बाहेर आला की बोटाला वीज लागू नये म्हणून ते आवरण असतं. ब्रँडच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचा भारतातला फोटो बघून ठेवा.

चार्जरच्या दोन भागांचा जोड नखाने चाचपा. असलीमध्ये तो वेल्ड केलेला असतो, नख अडकत नाही. टाइप-सी पोर्ट भोकाच्या बरोबर मध्ये हवा, तिरपा नाही.

दुकानात लावून बघितला तर?

बघाच. पण नीट बघा, नाहीतर असलीला नकली ठरवाल किंवा उलट.

आधी तुमचा फोन २५ वॅट घेऊ शकतो का ते माहीत हवं. सॅमसंगचे काही फोन १५ वॅटवरच थांबतात, त्यांवर असली चार्जरसुद्धा `Super fast charging` हा संदेश दाखवणार नाही. बॅटरी २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच वेग कमी करतो. फोन तापलेला नको. उन्हातून आलात तर पाच मिनिटं थांबा. केबल दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली आणि शक्यतो तुमची स्वतःची घ्या. सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली जलद चार्जिंग बंद केलेलं नाही ना, तेही बघा.

आता लावा. `Super fast charging` असा संदेश यायला हवा. नुसतं `Fast charging` आलं तर चार्जर पीपीएस बोलत नाहीये. `Cable charging` किंवा नुसतं `Charging` आलं तर तो साधा ५ व्होल्टचा चार्जर आहे, अंगावर काहीही लिहिलेलं असो.

संदेश बरोबर आला तरी चार्जर पाच-सात मिनिटं लावलेला राहू द्या. कमकुवत चार्जर सुरुवातीला हो म्हणतो आणि भार वाढला की मान टाकतो: संदेश येतो, जातो, पुन्हा येतो. चार्जर कोमट होणं साहजिक आहे. हात टेकवता येत नाही इतका तापला किंवा प्लास्टिकचा वास आला तर काढा.

फोनमध्ये करंट दाखवणारी ॲप असतात, त्यांचा आकडा लेबलशी ताडू नका. ते बॅटरीत शिरणारा करंट दाखवतात, साधारण ४ व्होल्टवरचा. लेबलवरचा आकडा चार्जरच्या तोंडाशी ९ किंवा ११ व्होल्टवरचा असतो. दोन्ही कधीच सारखे दिसणार नाहीत. खरंच मोजायचं असेल तर केबलच्या मध्ये बसणारा टाइप-सी यूएसबी मीटर घ्या. काही शे रुपयांपासून मिळतो आणि व्होल्ट-अँपिअर दोन्ही दाखवतो.

माझा फोन सॅमसंगचा नाही. मग?

पद्धत तीच, आकडे बदलतील. ॲपलच्या २० वॅटवर ९ व्होल्ट २.२२ अँपिअर असतं, म्हणजे १९.९८. शाओमीच्या ३३ वॅटवर ११ व्होल्ट ३ अँपिअर. वनप्लसच्या ६५ वॅटवर १० व्होल्ट ६.५ अँपिअर.

शाओमी, वनप्लस, ओप्पो, रिअलमी यांच्या मोठ्या वॅटच्या चार्जरची गोष्ट थोडी निराळी. ते आपापल्या खासगी पद्धतीने फोनशी बोलतात, त्यामुळे चार्जर आणि केबल दोन्ही त्याच ब्रँडची लागतात. इथे नकली माल लेबल छान छापतो, पण फोनवर त्या ब्रँडचा जलद चार्जिंगचा संदेश येत नाही आणि प्रत्यक्षात १० वॅटच मिळतात. काही नकली चार्जर तो संदेशही आणून दाखवतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नका, दहा मिनिटांत टक्के किती वाढले ते बघा. आणि ८० वॅटचा चार्जर १० वॅटच्या जुन्या चार्जरएवढा छोटा आणि हलका असेल, तर संदेश न बघताच उत्तर मिळालं.

'फर्स्ट कॉपी', 'ओईएम', 'डब्यातला निघालेला' म्हणजे काय?

फर्स्ट कॉपी म्हणजे नकली. पहिली, दुसरी, सातवी, कुठलीही असो. दुकानदार निदान खरं बोलतोय एवढंच.

'ओईएम' या शब्दाचा खरा अर्थ मूळ उत्पादक. बाजारात तो खोक्याशिवाय मिळणाऱ्या कुठल्याही मालाला लावतात. ऐकून सोडून द्या.

'मोबाइलच्या डब्यातला निघालेला पीस' मात्र खरा असू शकतो. लोक जुना फोन विकताना चार्जरही देतात. पण हा दावा तारखांवर घासून बघता येतो. 'आयफोन १५ च्या डब्यातला आहे' असं कुणी म्हणालं तर तो चार्जर त्या डब्यात कधी नव्हताच. गॅलेक्सी एस२१ आणि पुढच्या एस मालिकेचंही तेच.

सीई, एफसीसी आणि बाकीची चिन्हं बघायची का?

सीई ही युरोपसाठी बहुधा उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा असते. भारतात विकत घेताना तिचा उपयोग जवळपास शून्य. अक्षरांमधलं अंतर कमी असेल तर ते 'चायना एक्स्पोर्ट' असं व्हॉट्सॲपवर फिरतं. तसं कुठलंही अधिकृत चिन्ह नाही.

एक चिन्ह मात्र शोधा: चौकोनात चौकोन. अर्थिंगची पिन नसलेल्या, दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणाची ती खूण. दोन पिनांच्या ब्रँडेड चार्जरवर ती असतेच. नसेल किंवा एकच चौकोन असेल तर छापणाऱ्याला आपण काय छापतोय ते कळलेलं नाही.

खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, 'ओरिजिनल' असं आलं. चालेल?

कोड कुठे घेऊन जातो ते बघा. नकली माल बनवणारा आपलं स्वतःचं पान बनवतो आणि ते पान प्रत्येकाला 'ओरिजिनल' म्हणतं. पत्त्यात ब्रँडच्या नावात एखादं अक्षर जास्त असतं किंवा मागे भलतीच शेपटी असते. ब्रँडचा पत्ता स्वतः टाइप करून तिथे पडताळणीची सोय असेल तर कोड टाका, नसेल तर त्या क्यूआरला काही किंमत देऊ नका.

बिलाने काय फरक पडतो? बिल घेतलं की महाग पडतं.

चार्जरवर १८ टक्के जीएसटी आहे आणि एमआरपीत तो धरलेलाच असतो. 'बिल हवं तर जीएसटी वर लागेल' हे वाक्य एमआरपीच्या मालाबद्दल बोलणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही.

पक्क्या बिलावर दुकानाचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर `Search Taxpayer` मध्ये टाकला की दुकानाचं नोंदलेलं नाव दिसतं. बिलावर नुसतं 'मोबाइल चार्जर - १' नको, 'सॅमसंग EP-TA800' असं ब्रँड आणि मॉडेल लिहून मागा. नकली माल विकणारा बहुधा इथेच अडतो, कारण आपल्या नावाच्या कागदावर तो ब्रँडचं नाव लिहून देणार नाही. म्हणून आमच्या मते पहिल्याच मिनिटाला विचारायचा प्रश्न हा: "दादा, बिलावर मॉडेल नंबर टाकून द्याल ना?" उत्तर ऐकल्यावर बाकीची तपासणी करायची की नाही ते ठरवा.

ऑनलाइन घेताना तर हातात काहीच नसतं.

नाव नीट वाचा. 'सॅमसंगसाठी २५ वॅट चार्जर' आणि 'सॅमसंग २५ वॅट चार्जर' यांत फरक आहे. पहिला दुसऱ्या कंपनीचा, सॅमसंगला चालणारा. तो तसं उघड सांगत असेल आणि त्याला स्वतःचा `R-` क्रमांक असेल तर त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा नाव 'साठी'चं आणि फोटोत लोगो सॅमसंगचा.

मग विक्रेता कोण ते बघा. एकाच पानावर अनेक विक्रेते असतात, आणि पानावरचे अभिप्राय दुसऱ्याच विक्रेत्याच्या मालाचे असू शकतात. जलद पोहोचवण्याचा किंवा गोदामाचा बिल्ला म्हणजे माल असली असल्याची हमी नव्हे. ब्रँडचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा त्यांच्या संकेतस्थळावर यादीत असलेलं दुकान, हा सरळ मार्ग. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि आयात मालाचा मूळ देश पानावर द्यावा लागतो, तो शोधा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या आणि त्यातच लेबल जवळून दाखवा. परतीच्या वेळी कामाला येतो.

चालतोय ना, मग नकली असला तर बिघडलं काय?

भिंतीतल्या बोर्डात २३० व्होल्ट आहेत आणि चार्जरच्या दुसऱ्या टोकाला तुमच्या हातातला फोन. मध्ये जी फट असते ती सगळं काम करते. चांगल्या चार्जरच्या आतल्या सर्किटवर २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांत पाच-सहा मिलिमीटरचं अंतर राखलेलं असतं, ट्रान्सफॉर्मरची तार खास इन्सुलेशनची असते, आणि दोन बाजूंना जोडणारा कपॅसिटर निकामी झाला तरी आरपार जोडला न जाणारा असतो. नकलीत ते अंतर मिलिमीटरभर उरतं आणि कपॅसिटर साधा पैशा-दोन पैशांचा. कोरड्या दिवशी तो चालतोच. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, चार्जरमध्ये दमटपणा आणि धूळ शिरली, की तीच मिलिमीटरभर फट वीज ओलांडते.

यूएल या अमेरिकी सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये ॲपलच्या नावाचे ४०० नकली ॲडॅप्टर तपासले. तीन सोडून सगळ्यांत आग किंवा शॉकचा धोका आढळला. त्यांतले बारा तर इतके वाईट होते की जीवघेणा शॉक बसू शकला असता.

चार्जिंग करताना फोनच्या कडेला झिणझिण्या येतात, टच वेडावाकडा चालतो. चार्जर नकली आहे का?

झिणझिण्यांवरून ठरवता येत नाही. दोन पिनांच्या असली चार्जरमधूनही अगदी बारीक गळती करंट येतो आणि धातूच्या कडेला हलकी कुरकुर जाणवते. टच उड्या मारणं, बोट न लावता अक्षरं टाइप होणं, हे मात्र चार्जरमधून गाळलेला नसलेला विजेचा खडखडाट येत असल्याचं लक्षण. चांगली केबल लावून आणि दुसऱ्या बोर्डात लावून बघा. तरी तसंच असेल तर तो चार्जर वापरणं बंद करा. चांगला झटका बसला तर केबल वगैरे तपासत बसू नका, लगेच बंद.

उघडून बघू का?

नको. बोर्डातून काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट काही काळ राहू शकतात. शिवाय एकदा उघडलेला चार्जर दुकानदार परत घेत नाही आणि तक्रारीतही पुरावा म्हणून कमजोर पडतो.

नकली निघालाच, तर?

बिल, लेबलचा फोटो, BIS Care मधल्या पानाचा स्क्रीनशॉट आणि खोकं एकत्र ठेवा. आधी दुकानदाराकडे किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडे परत मागा. बिलावर मॉडेल लिहिलेलं असेल तर बहुतेक गोष्ट तिथेच मिटते. नाही मिटली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. `R-` क्रमांक खोटा किंवा उसना असेल तर BIS Care मध्येच `Complaints` आहे. खोक्यावर एमआरपी, पत्ता नसेल तर ती बाब राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाची.

पैसे परत मिळाले आणि चार्जर तुमच्याकडेच राहिला, तर तो घरकामाच्या मावशींना किंवा वॉचमनला देऊ नका. पकडीने दोन्ही पिना वाकवून निकामी करा, म्हणजे कचऱ्यातून उचलून पुन्हा कुणी विकणार नाही, आणि ई-कचरा घेणाऱ्या पेटीत टाका.